टीझरमध्ये वारलेले भावोजी

भावोजी वारले त्या दुपारी ते माझ्यासमोर बसून चीज सँडविच खात होते. उजव्या बाजूने चावत होते, कारण डावीकडची एक दाढ कधीपासून दुखतेय आणि ते दुसऱ्या डॉक्टरकडे जायला घाबरतात. स्वतः दातांचे डॉक्टर आहेत.

"किती झाल्या?" त्यांनी तोंडातला घास सांभाळत विचारलं.

मी फोन बघितला. "श्रद्धांजल्या मोजणं मी सोडलं. मध्ये दोघांनी 'हॅपी बर्थडे' टाकलंय. ते न बघता टाकणारे, त्यांचं मनावर घेऊ नका."

आता हे झालं कसं ते सांगतो, कारण माझी ताई गावभर सांगत सुटलीय की मी मुद्दाम केलं. मी आयुष्यात पुष्कळ गोष्टी मुद्दाम केल्यात. जिमवाल्याचं पोट बॅनरवर कॉम्प्युटरने आत घेतलं आणि उद्घाटनाला त्या बॅनरच्या अगदी शेजारी त्याला उभं केलं, ते मुद्दाम. चुलतभावाच्या लग्नाच्या बॅनरवर 'भव्य शुभारंभ, पार्किंगची सोय' छापलं, तेही मुद्दाम. पण स्वतःच्या बहिणीच्या कपाळाला मी हात लावीन का? निदान तिला न सांगता तरी नाही.

माझं बॅनरचं दुकान आहे. वाढदिवस, निवडणूक, उद्घाटन, दुःखद निधन. मशीन एकच, फाइली वेगळ्या. हल्ली लोक बॅनर कमी लावतात आणि पोस्ट जास्त टाकतात, म्हणून मी पोस्टही करून देतो. एका गादीवाल्याचं पेज मी चालवतो. रोज सकाळी 'झोप झाली का?' एवढंच टाकतो, माणसं खाली भांडतात, गाद्या खपतात. त्यामुळे भावोजींचं पुस्तक आलं तेव्हा प्रसिद्धीचं काम आपसूक माझ्या गळ्यात पडलं. म्हणजे मीच गळा पुढे केला.

पुस्तकाचं नाव 'येतो'. नाव ऐकून मीही आधी म्हटलं, "कुठे?" मग त्यांनी समजावलं. आपल्यात निघताना कोणी 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतं. आणि दातांच्या डॉक्टरला तर हा शब्द दिवसभर ऐकायला लागतो. खुर्चीवरून उठलेला प्रत्येक माणूस, अर्धा जबडा बधिर, ओठ लोंबतोय, दारात वळून म्हणतो, "येतो डॉक्टर, पुढच्या आठवड्यात." आणि जो जातो तो गायब. रूट कॅनाल अर्धवट, कॅप बसवायची राहिलेली, कवळीचं माप कपाटात आणि कवळीचा मालक बेपत्ता. अशा माणसांवर भावोजींनी एकेक लेख लिहिला. नावं बदलून, दात तेच ठेवून.

प्रकाशकांकडे पाठवलं होतं. एकाने लिहिलं, आमच्याकडे आरोग्यविषयक पुस्तकांची यादी भरलेली आहे. दुसऱ्याने लिहिलं, विनोद आहे की तक्रार ते ठरवा. तिसरा म्हणाला, "कळवतो." भावोजींनी त्याच्यावरही एक लेख लिहिला आणि स्वतःच छापायचं ठरवलं. छापून आलेले खोके एक्स-रेच्या खोलीत रचले. पेशंटला आता खोक्याला टेकूनच एक्स-रे काढायला लागतो.

"लिहिलंय कसं?" त्यांनी मला विचारलं होतं.

"छान."

"हेच. हेच सगळे म्हणतात. तुझी ताई म्हणाली छान. माझा भाऊ म्हणाला छान. कम्पाउंडरबाई म्हणाल्या छान, आणि त्यांनी उघडलंही नव्हतं. हे बघ, मला छान नको आहे. माझं खाल्लेलं नाही, माझं काही लागत नाही, अशा माणसाने ते वाचताना हसलं पाहिजे. आवाज करून. एकच माणूस चालेल. नाही हसला तर खोके रद्दीवाल्याला द्यायचे आणि मी गुपचूप लोकांच्या दाढा भरत बसणार. पुन्हा पेन धरणार नाही."

हे बोलताना त्यांचा चेहरा असा झाला होता की मी थट्टा गिळली. माझ्यासाठी हे दाढ गिळण्यासारखंच आहे.

तर मी त्यांच्यासमोर पोस्टची मालिका मांडली. एका पोस्टने पुस्तक खपत नाही, लोकांच्या डोक्यात आधी खाज उठवायला लागते. पहिल्या टीझरमध्ये फक्त चेहरा आणि एक शब्द. पुस्तक आहे हे सांगायचंच नाही. दुसऱ्यात दिवस आणि जागा, पण कशासाठी ते नाही. मग मुखपृष्ठ उघड करायचं. मग पुस्तकातला एक उतारा, वाचणारा जिथे अडकेल तिथेच तोडलेला. आणि प्रकाशनाच्या दिवशी सगळं एकदम: किंमत, कुठे मिळेल, मागवायचा नंबर, लिंक.

"पण सरळ सांगितलं तर?" भावोजी म्हणाले. "माझं पुस्तक आलंय, घ्या."

"तुम्ही पेशंटला आधी सुई दाखवता का?"

"नाही."

"झालं तर मग."

फोटोसाठी त्यांनी तीन दिले. तिन्हींत ते हसत होते, सगळे दात दिसतील असे, जणू स्वतःचीच जाहिरात. मी म्हटलं, "भावोजी, हे टूथपेस्टवाले वाटतं. लेखक असा दिसत नाही. लेखकाला जगाचं ओझं असतं." शेवटी ताईच्या मोबाइलमध्ये एक सापडला. भावोजी खिडकीतून बाहेर बघतायत, नजर लांब, ओठ मिटलेले. खरं तर खाली कोणीतरी त्यांच्या गाडीमागे गाडी लावत होतं. मी तो काळापांढरा केला. एकदम वजन आलं. कडेने बारीक काळी चौकट दिली, आणि खाली मोठ्या, तिरक्या अक्षरात एकच शब्द:

'येतो...'

फोटोखालच्या मजकुरात लिहिलं, 'एक शब्द. रोज ऐकलेला. लवकरच तुमच्या हातात! ओळखा पाहू?'

वेळ वाचावा म्हणून मी दुकानातली तयार फाइल घेतली होती. कुठली ते तुम्ही ओळखलंच असेल. पण मी त्यातला दिवा काढला होता. फुलं काढली होती. तारखा काढल्या होत्या. कोपऱ्यात एक पाकळी राहिली, ती मला सजावट वाटली.

पहिले दोन्ही टीझर मी रात्रीच शेड्यूल करून टाकले, एक सकाळी, एक दुपारी. म्हणजे वेळ झाली की आपोआप जाणार, आपण निवांत.

सकाळी दुकान उघडून चहा मागवला तोवर पहिली प्रतिक्रिया आली होती. भावोजींना दातांचं सिमेंट आणि सुया पुरवणारा माणूस. 'भावपूर्ण श्रद्धांजली.' मला वाटलं, चुकून दुसरीकडचं इकडे पडलं. तेवढ्यात दुसरी. मग तिसरी, तिच्यात हात जोडलेले. मग बांधच फुटला.

'विश्वास बसत नाही. मंगळवारीच दात घासायला शिकवलं होतं.'

'एक हळवा हात हरपला. इंजेक्शन कधी टोचलं कळायचं नाही.'

'सर गेले. आता माझा वरचा ब्रिज कोण काढणार?'

'किती सुंदर निरोप घेतला, स्वतःच्याच शब्दांत. येतो...'

हे शेवटचं वाचलं आणि माझ्या डोक्यात एकदम लख्ख झालं. अरे देवा. येतो. काळापांढरा माणूस, काळी चौकट, लांब गेलेली नजर, आणि खाली 'येतो'. यापेक्षा जास्त मेलेला माणूस मी सगळ्या धंद्यात बनवला नव्हता. आणि जे पैसे देऊन बनवून घ्यायचे त्यांनाही इतका चांगला दिला नव्हता.

"पण खाली लिहिलं होतं ना, ओळखा पाहू?" भावोजींनी नंतर विचारलं.

लिहिलं होतं. पण खालचं वाचतो कोण? आणि वाचलं असतं तरी उपयोग नव्हता. कोणीतरी नुसता फोटो उचलून ग्रुपवर टाकला. फोटो पुढे जातो, खालचा मजकूर मागेच राहतो. तो फोटो सोसायटीच्या ग्रुपवर, शाळासोबत्यांच्या ग्रुपवर, दंतवैद्यांच्या ग्रुपवर, आणि कोणास ठाऊक का, एका कुत्रेप्रेमींच्या ग्रुपवर असा एकटाच फिरत होता, बिनमजकुराचा, बिचारा, मेलेला.

फोन वाजला. ताई.

"मेल्या, काय केलंयस?"

"काय झालं?"

"काय झालं? मी केस धुऊन बाहेर आले तर दारात खालच्या मजल्यावरच्या वहिनी. मला मिठी मारली आणि रडायलाच लागल्या. मी म्हटलं, अहो झालं काय, तुमच्याकडे कोणी गेलं का? तर म्हणतात, धीर धरा. कोणाचा धीर? मीसुद्धा रडायला लागले, कोण गेलं ते माहीत नसताना!"

"मग?"

"मग काय मग? त्यांनी फोटो दाखवला. तो फोटो मी काढलेला आहे! आता त्या स्वयंपाकघरात शिरल्यात, मला काही करू देत नाहीत, म्हणतात आज चूल पेटवायची नसते. मी त्यांना सांगितलं हे जिवंत आहेत, तर डोक्यावरून हात फिरवतात आणि म्हणतात, हो, हो, आपल्यातच आहेत ते."

मी हसलो नाही. म्हणजे फोन लांब धरून हसलो.

दुकान बंद करून दवाखान्यात पोचलो तर बाहेरच्या टेबलावर कम्पाउंडरबाई दोन्ही फोन सांभाळत होत्या. बाई वीस वर्षं तिथे आहेत आणि आयुष्यात एकदाही त्यांनी प्रश्नापेक्षा जास्त उत्तर दिलेलं नाही.

"हो," त्या फोनवर म्हणत होत्या. "डॉक्टर आहेत ना. आतच आहेत... हो, एकटेच आहेत, जवळ कोणी नाही... बघायला? पाचनंतर या. तेव्हा गर्दी नसते... नाही, काही आणायला नको. ब्रश करून या फक्त."

"बाई!" मी ओरडलो.

"काय? अपॉइंटमेंट विचारतायत सगळे. आज काय झालंय कोणास ठाऊक, सगळ्यांना आजच डॉक्टरांना बघायचंय."

तर तिथे, आतल्या खोलीत, आम्ही बसलो होतो, मी आणि सँडविच खाणारे स्वर्गवासी. पाच मिनिटांत ताईही पोचली, केस तसेच ओले, खालच्या वहिनींना चुकवून.

"पहिलं ते काढून टाक," ती म्हणाली.

"ताई, ऐक. गादीवाल्याने पैसे ओतून जेवढी माणसं जमवली नाहीत तेवढी सकाळपासून फुकट आलीत. प्रत्येक श्रद्धांजलीमागे ती पोस्ट आणखी माणसांना दिसतेय. हे सोनं आहे. आता लगेच दुसरी टाकायची: 'मी गेलो नाही, मी येतोय!' मागे फटाके, भावोजी उडी मारतायत..."

"तुला लाज आहे का रे? माणसं रडतायत!"

"रडतायत म्हणूनच तर..."

"भावोजींना विचार तुझ्या."

सँडविच बाजूला ठेवून भावोजी माझ्या फोनवर एकेक प्रतिक्रिया वाचत होते. चीज लागलेल्या बोटाने फोन सरकत नव्हता, तर त्यांनी ते कोटाला पुसलं आणि वाचतच राहिले. मला वाटलं, कौतुकाने भारावलेत. जिवंतपणी आपली श्रद्धांजली वाचायला मिळणं ही काय सोपी गोष्ट आहे? मी तर दरवर्षी एकदा करावी म्हणतो.

"हे बघ," ते म्हणाले.

मी वाकून पाहिलं. एका बाईने लिहिलं होतं: 'कॅप बसवायला येते म्हणाले होते. राहूनच गेलं. सॉरी डॉक्टर.'

"आणि हे."

'पुढच्या आठवड्यात येतो म्हणून निघालो त्याला बरीच वर्षं झाली. लाज वाटायची म्हणून आलो नाही. आता कोणाकडे जाऊ?'

"आणि हा. हा तर माझ्या चौथ्या लेखातला आहे." त्यांनी फोन माझ्यासमोर धरला. "मला वाटायचं हे विसरले. साले विसरले नव्हते रे. प्रत्येकाला आठवत होतं."

ताईने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. आणि त्यांच्या हातातच माझ्या फोनवर 'टिंग' झालं.

दुसरा टीझर. वेळ झाली होती. तो आपोआप गेला होता.

तोही काळापांढरा. रिकामी खुर्ची, दवाखान्यातलीच, वरचा दिवा विझलेला. खाली मजकूर: 'रविवार. सकाळी अकरा. जागा नेहमीचीच. सर्वांनी उपस्थित राहावे.'

"अरे गाढवा," ताई म्हणाली. त्यात राग नव्हता, नुसती ओळख होती.

मी फोन हिसकावून घाईघाईने तो काढून टाकला. पण फोटो तोवर ग्रुपवर गेला होता आणि एकाने विचारलंही होतं, 'रविवारपर्यंत ठेवणार?'

तेवढ्यात बाहेर जोरात दार वाजलं. बाईंचा आवाज आला, "अहो, चप्पल काढा," आणि एक टक्कल पडलेला गृहस्थ आत घुसला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, डोळे लाल. त्याने भावोजींना पाहिलं. भावोजींनी त्याला पाहिलं. त्याच्या हातातली पिशवी खाली पडली.

"तुम्ही..." तो म्हणाला.

"तोंड उघडा," भावोजी म्हणाले.

खरंच, हेच म्हणाले. तोही असा धक्क्यात की त्याने उघडलं. भावोजींनी नुसती बॅटरी मारली आणि ओळख पटली. "खालची डावी, शेवटून दुसरी! अहो, तुमची नस काढून तात्पुरतं सिमेंट भरलं होतं! त्यावर इतकी वर्षं जेवलात?"

"मी रजा टाकली!" तो ओरडला. आता रडतही होता, चिडलाही होता, दोन्ही एकाच तोंडाने. "साहेबाला सांगितलं, घरचा माणूस गेलाय. घरचा! बसमध्ये रडत आलो मी. शेजारच्या बाईने मला पाणी दिलं. आणि तुम्ही सँडविच खाताय?"

मी म्हटलं, "काका, ते एका पुस्तकाचा टीझर..."

"कसला टीजर? माणूस मारायचा टीजर?"

मी त्याच्यापुढे स्टूल सरकवलं. तो त्यावर बसला, घाम पुसला, मग हळूच म्हणाला, "बरं झालं तुम्ही आहात. पण मला फार वाईट वाटलं होतं हो," आणि पिशवी उचलून निघून गेला. जाताना काय म्हणाला ते सांगत नाही. सवयीने म्हणतोच माणूस.

तो गेल्यावर भावोजी उठले, हात धुतले आणि मला म्हणाले, "फटाके नको. उडी नको. कागद दे."

"मी लिहितो ना. मला जमतं."

"तुला जमतं म्हणूनच नको. लोकांना आता जरा जरी वाटलं की हे मुद्दाम केलंय, तर पुस्तक उघडतील पण हसणार नाहीत. फसवलेला माणूस हसत नाही, दात दाखवतो. मला फरक कळतो, माझा धंदाच तो आहे."

त्यांनी प्रिस्क्रिप्शनच्या कागदावर लिहायला घेतलं. अक्षर असं की वाचायला औषधवाल्याला बोलवावं लागलं असतं, म्हणून ताईने वाचलं आणि मी टाइप केलं:

'मी जिवंत आहे. सकाळचा फोटो माझ्या पहिल्या पुस्तकाच्या जाहिरातीचा होता. काळापांढरा करायची कल्पना मेव्हण्याची आणि हो म्हणण्याचा मूर्खपणा माझा. ज्यांना वाईट वाटलं त्यांची हात जोडून माफी मागतो. पुस्तकाचं नाव "येतो" आहे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी आज लिहिलंय की येतो म्हणालो होतो, राहून गेलं. पुस्तक त्याच्यावरच आहे. रविवारी सकाळी अकराला दवाखान्यातच प्रकाशन आहे. या. कोणाला काही बोलणार नाही. राहिलेली दाढ बघून देईन, तिचे पैसे नाहीत. पुस्तकाचे आहेत.'

"शेवटचं काढा," ताई म्हणाली. "बरं दिसत नाही."

"शेवटचं राहू दे," मी म्हटलं. "तेच खरं वाटतं."

या वेळी मी अक्कल वापरली. मजकूर खाली नाही, फोटोतच घातला, म्हणजे फोटो एकटा फिरला तरी बोलत फिरेल. फोटो रंगीत: भावोजी, हातात अर्धं सँडविच, गालाला चीज, शेजारी ओल्या केसांची ताई डोळे वटारून. वर ठळक: 'मी आहे.' सकाळची पोस्ट भावोजींनी काढू दिली नाही, त्या प्रतिक्रिया त्यांना हव्या होत्या. तर तिच्या मजकुराची पहिलीच ओळ बदलली, 'डॉक्टर ठणठणीत आहेत, खाली वाचा,' आणि नवी पोस्ट पहिल्या प्रतिक्रियेत चिकटवून ठेवली. ताईने स्वतः सगळ्या ग्रुपवर टाकली. कुत्रेप्रेमींकडेसुद्धा. मुखपृष्ठ आणि उतारा मी नंतर हाताने टाकले, दिवसा, डोळे उघडे ठेवून, आणि टाकण्यापूर्वी प्रत्येक वेळी ताईला विचारून: "यात कोणी मेलेला दिसतोय का?"

काही चिडले. एकाने लिहिलं, 'मृत्यूचा बाजार मांडलात.' भावोजींनी त्याला उत्तर दिलं, 'बरोबर आहे तुमचं.' भांडायला काही उरलंच नाही त्याला.

रविवारी आले तर वीस येतील, असं मी ताईला म्हटलं होतं. खुर्च्या कमी पडल्या. जिन्यात माणसं, फुटपाथवर माणसं. प्रमुख पाहुणे म्हणजे ताईच्या सोसायटीचे चेअरमन. त्यांनी शोकसभेसाठी रात्र जागून भाषण लिहिलं होतं, ते वाया घालवायची त्यांची तयारी नव्हती. तेच वाचलं, फक्त 'होते'च्या जागी 'आहेत' म्हणत. दोन ठिकाणी विसरले. एका ठिकाणी 'त्यांच्या आत्म्यास' म्हणाले, थांबले, आणि 'उत्तम आरोग्य लाभो' म्हणाले. टाळ्या त्यालाच जास्त पडल्या.

पुस्तकावरचा कागद ताईने फाडला. भावोजी चार वाक्यं बोलणार होते. पहिलं बोलले, आणि पुढच्या रांगेतल्या एका बाईने हात वर केला. "डॉक्टर, कॅप." त्यांना भाषण सोडून आत जावं लागलं. मग दुसरा गेला, मग तिसरा. प्रकाशन बाहेर आणि लेखक आत, तोंडावर मास्क, हातात मशीन. मी विक्रीच्या टेबलावर बसलो. लोक पुस्तक घेत होते, उघडत नव्हते. काखेत धरत होते, पिशवीत टाकत होते. माफी म्हणून घेतात तसं. सही राहिली म्हणून कोणाची तक्रार नव्हती.

मधेच दार किलकिलं करून भावोजींनी मला विचारलं, "कोणी वाचतंय?"

"घेतायत पुष्कळ."

"घेतायत ते दिसतंय. वाचतंय का?"

मी नजर फिरवली. खोटं बोलणं माझ्या हातचा मळ आहे, पण या माणसाच्या मास्कवरचे डोळे बघून जमलं नाही. "अजून नाही," मी म्हटलं. ते आत गेले. मशीनचा आवाज सुरू झाला.

आणि तेव्हा मला दिसला तो. रजावाला. पांढरा शर्ट, कोपऱ्यातली खुर्ची. नंबर लांबचा होता म्हणून वेळ जात नव्हता, म्हणून पुस्तक उघडून बसला होता. मी मान लांब करून पान पाहिलं. चौथा लेख. 'तात्पुरतं सिमेंट'. नाव बदललेला, टक्कल तसंच ठेवलेला माणूस, जो तात्पुरत्या सिमेंटवर वर्षानुवर्षं जेवतो, दर रविवारी ठरवतो की उद्या नक्की, आणि सोमवारी डॉक्टर रस्त्यात दिसले की फळवाल्याच्या मागे लपतो. हे त्याने ओळखलं की संपलं. आज तो मला सोडणार नव्हता, भावोजींना तर नाहीच.

त्याचं कपाळ आकसलं. त्याने पान उलटलं. मी खुर्ची जरा मागे सरकवली, दाराच्या दिशेने.

मग तो हसला. आधी नाकातून. मग त्याने तोंडावर हात धरला, आणि हाताला न जुमानता ते बाहेर फुटलं, इतकं मोठं की शेजारची बाई दचकली. डोळे पुसून तो पुन्हा त्याच ओळीवर गेला आणि पुन्हा हसला. दुखरी दाढ धरून हसत होता.

आतलं मशीन थांबलं.

दार उघडलं. भावोजी, मास्क हनुवटीवर, हातात मशीन तसंच, मागे खुर्चीवर कोणीतरी तोंड उघडं टाकून बसलेलं.

"कोण हसलं?"

सगळ्यांनी माना खाली घातल्या. शाळेत विचारल्यासारखं.

"मी," रजावाला घाबरून म्हणाला. "माफ करा डॉक्टर. हळू वाचतो."

"कुठलं पान?"

त्याने पुस्तक वर धरून दाखवलं. भावोजींनी पान पाहिलं, माणूस पाहिला, आणि ते एक पाऊल मागे दारात गेले. माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले.

"हा फळवाल्याच्या मागे लपणारा," रजावाला म्हणाला आणि त्याला पुन्हा उबळ आली. "डॉक्टर, हा आमचा साहेब आहे ना? हुबेहूब! नाव बदललंय तुम्ही, पण मी लगेच ओळखला. कसला भित्रा माणूस हो! तुमच्याकडे येतो तो?"

आतला पेशंट "आ... आ..." करत होता, तिकडे भावोजींचं लक्षच नव्हतं. मास्क हनुवटीवर होता म्हणून सगळ्यांना दिसलं, माणूस कानापासून कानापर्यंत हसत होता. ते सगळे दात, जे मी टीझरमधून कापले होते.

"पुढचं वाचा," ते म्हणाले. "पण मोठ्याने. आत ऐकू येईल असं."